थ्रीडी प्रिंटमधलं भोक लहान का येतं?

आज देवबागमधून बोलतोय. शेजारच्या होडीच्या छताला पट्टा बांधायचा एक ब्रॅकेट प्रिंट करायचा होता. त्यात ८ मिमीच्या बोल्टसाठी भोक हवं आणि पट्ट्यासाठी ४ मिमीची खाच. मॉडेलमध्ये ८ लिहिलं की प्रिंटरमधून ८ येत नाही, म्हणून आधी चाचणीचा तुकडा काढला.

तो असा: ६० मिमी लांब, ५ मिमी जाड पट्टी. एका ओळीत ४.० ते ४.६ मिमीची भोकं, दर ०.१ ने वाढत जाणारी. पुढच्या दोन ओळींत मिळून ८.० ते ८.६. चौथीत ४.० ते ४.६ रुंदीच्या खाचा. प्लास्टिक, लेयरची उंची आणि ठेवण्याची दिशा खऱ्या ब्रॅकेटसारखीच ठेवायची.

लहान भोक व्हर्नियरने मोजलं तर तो कमीच दाखवतो. त्यापेक्षा ४ आणि ८ मिमी ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा घ्या आणि जोर न लावता कुठल्या भोकात जातो ते बघा. माझ्याकडे ४ चा दांडा ४.३ मध्ये गेला आणि ८ चा ८.३ मध्ये. खाचेत मात्र तो ४.१ लाच गेला. पट्टीची लांबी भरली ५९.८.

आता गंमत बघा. भोक लहान असो की मोठं, घट ०.३ च आहे, म्हणजे ती टक्क्यांत नाही. प्लास्टिक थंड होताना आकसतं, त्याने ६० मध्ये ०.२ गेले. त्या हिशोबाने ८ च्या भोकात जेमतेम ०.०३ जायला हवेत. उरलेली घट वळणामुळे येते, कारण नोझल गोल फिरताना गरम धागा आतल्या बाजूला ओढला जातो. खाचेच्या कडा सरळ, म्हणून तिथे घट कमी.

म्हणून अख्खं मॉडेल मोठं करू नका. ४ चं भोक तसं सुधारायला गेलात तर साडेसात टक्के वाढवावं लागेल आणि ६० ची पट्टी ६४.५ होईल. भोकाला भोकाची भर द्या, खाचेला खाचेची. बोल्ट सैल जायला ८.४ हवं, त्यात ०.३ मिळवा:

```
bhok = 0.3;
khach = 0.1;
cylinder(d = 8.4 + bhok, h = 6, $fn = 96);
cube([26, 4 + khach, 6]);
```

हीच भर स्लायसरमध्ये परत देऊ नका, नाहीतर दुप्पट होईल.

दोन गोष्टी तपासा. दांडा वरून जातो पण तळाशी अडतो? मग पहिला लेयर दाबला जाऊन पसरलाय. भर न वाढवता तळाची कड तासा. दुसरं म्हणजे ओल. देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, त्यामुळे उघडं फिलामेंट लवकर दमट होतं. नोझलमधून चटचट आवाज आला आणि भोकात बारीक तंतू दिसले, तर आधी फिलामेंट सुकवा आणि तुकडा पुन्हा काढा. ओल्या फिलामेंटवर काढलेला ०.३ कोरड्यावर चालत नाही.

आणि हे भोक उभं प्रिंट केलेलं आहे, बरं का. आडव्या भोकाचं छत खाली झुकतं, त्यासाठी वेगळा तुकडा काढावा लागतो.