सपाट पाऊल, खांद्यावर बार

सैन्यभरतीच्या तयारीला लागलेल्या मुलांना सपाट पावलांची मोठी धास्ती असते. ओला पाय फरशीवर ठेवला आणि अख्ख्या तळव्याचा ठसा उमटला, की पोटात गोळा येतो. पण अमेरिकी लष्कराच्या पायदळातल्या 246 प्रशिक्षणार्थींची पाहणी 1993 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा वेगळंच चित्र पुढे आलं. सगळ्यात सपाट पावलं असलेल्यांना उंच कमानीच्या मुलांपेक्षा दुखापती कमी झाल्या होत्या. म्हणजे पाऊल दिसतं कसं यावरून फार काही ठरत नाही. वजन पडल्यावर ते काय करतं, हे पाहायला हवं.

ते घरच्या घरी पाहता येतं. अनवाणी उभं राहायचं आणि टाचा उचलून चवड्यावर यायचं. तळव्याच्या आतल्या बाजूला कमान उमटली आणि टाचा किंचित आत वळल्या, तर पाऊल लवचीक आहे. दुसरी खूण अंगठ्याची. पाय जमिनीवर टेकलेला असताना कोणीतरी नुसता अंगठा वर उचलला, तरी कमान वर येते. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा असतो, बोटं वर गेली की तो ताणला जातो आणि टाच चवड्याकडे खेचतो. ब्रिटिश संशोधक हिक्स यांनी 1954 मध्ये ही यंत्रणा मांडली. चवड्यावर येऊनही कमान उमटत नसेल, तर पाऊल ताठ आहे. तिथे आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं. पुढचं सगळं लवचीक सपाट पावलांसाठी आहे, आणि बहुतेक सपाट पावलं तशीच असतात.

स्क्वॉट आणि धावणं या दोन्हींत पावलाला काम करावं लागतं, पण कामाची जात वेगळी. स्क्वॉटमध्ये वजन सावकाश आणि दोन्ही पायांवर येतं. तिथे पावलाने हलायचं नसतं. टाच, अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीखालचा उंचवटा हे तीन टेकू जमिनीला धरून ठेवायचे असतात. धावताना दर पावलाला एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो, तोही क्षणभरासाठी. तिथे कमान दबायलाच हवी आणि लगेच परत उठायला हवी. म्हणून एकच व्यायाम दोन्हींना पुरत नाही.

समजा, तिशीतला एक तरुण आहे. वजन 78 किलो, 100 किलोचा स्क्वॉट मारतो आणि आठवड्यातून तीनदा पाच किलोमीटर धावतो. खाली बसताना त्याचं उजवं पाऊल आत कलतं आणि गुडघाही मागोमाग आत जातो. जिममध्ये त्याला ‘गुडघे बाहेर काढ’ असं सांगितलं जातं. पण मूळ अनेकदा घोट्यात असतं. पोटरी आखडलेली असली की नडगी पुढे झुकत नाही, आणि ती तूट पाऊल आत पाडून भरून काढलं जातं. म्हणून पहिली तपासणी टाचांखाली छोट्या प्लेट ठेवून करायची. तेवढ्याने पाऊल सरळ राहिलं, तर दोष घोट्याचा. दुसरी तपासणी भिंतीशी: अंगठा भिंतीपासून साधारण 10 सेंटीमीटरवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का? टेकत नसेल तर पोटरी मोकळी करण्याचं काम आधी, आणि तोवर उंच टाचेचे लिफ्टिंग शूज घालण्यात कमीपणा नाही. धावण्याचे मऊ तळाचे बूट मात्र स्क्वॉटला नकोत. बारखाली तो फोम डुगडुगतो आणि पाऊल आणखी आत जातं.

घोटा ठीक असूनही पाऊल पडत असेल, तर ‘शॉर्ट फूट’ हा व्यायाम हाती घ्यायचा. खुर्चीत बसून तळवा जमिनीवर ठेवायचा आणि अंगठ्याखालचा उंचवटा टाचेकडे ओढायचा, जणू पाऊल आखूड करायचं आहे. बोटं लांब आणि सैल राहिली पाहिजेत. पाच सेकंद धरायचं, सोडायचं, असं दहा वेळा. चूक हमखास दोन ठिकाणी होते. बोटं आवळली जातात, मग तळव्यातल्या छोट्या स्नायूंऐवजी नडगीकडून आलेले लांब स्नायू काम उरकतात. किंवा माणूस पावलाच्या बाहेरच्या कडेवर कलतो आणि कमान आल्यासारखी भासते. हे पकडायला अंगठ्याच्या उंचवट्याखाली कागदाचा कपटा ठेवावा; कोणी ओढल्यावर तो अलगद निघाला, तर उंचवटा उचलला गेला आहे. सुरुवातीला तळव्यात गोळा येतो, तेव्हा पाचऐवजी दोन सेकंद धरावं. जमलं की उभ्याने, मग एका पायावर, आणि शेवटी हलक्या बारच्या स्क्वॉटमध्ये हीच पकड ठेवायची. आपल्या तरुणाने तीनेक आठवडे 60 किलोवर राहून ती पक्की केली आणि मगच वजन चढवलं, तर वेळ वाया जात नाही.

धावण्यासाठी कळीचा व्यायाम म्हणजे एका पायावर टाच उचलणं. घोट्याच्या आतल्या हाडामागून वळून कमानीला वर धरणारा जो स्नायू आहे, तो इथे पोटरीबरोबर राबतो. पायरीच्या कडेवर चवडा टेकून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, तीन सेकंदांत वर, वर दोन सेकंद थांबून, तीन सेकंदांत खाली. बाराचे तीन सेट, एक दिवसाआड. सोपं वाटलं की पाठीवर सॅक घेऊन वजन वाढवायचं. वर जाताना टाच आत वळते का, हे मोबाइलवर मागून चित्रण करून पाहावं. दमल्यावर ती बाहेर राहू लागली की सेट तिथेच संपवायचा. हा व्यायाम स्क्वॉटच्या दिवशी शेवटी करावा, लांब धावण्याच्या आदल्या दिवशी नाही.

धावपटूंवरचा एक चांगला प्रयोग ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या संशोधकांनी केला. 2020 साली त्याचे निष्कर्ष आले: 118 धावपटूंपैकी ज्यांनी पावलांचे व्यायाम केले नाहीत, त्यांना वर्षभरात दुखापत होण्याची शक्यता करणाऱ्यांपेक्षा 2.42 पट होती. फायदा दिसायला मात्र काही महिने गेले. पातळ तळाच्या बुटांनीही पाऊल बळकट होतं, पण घाई नडते. दहा आठवड्यांत त्यांवर आलेल्या धावपटूंपैकी अनेकांच्या पायाच्या हाडांत सूज आढळली होती. आधी चालण्यासाठी ते घालावेत, धावण्यासाठी खूप नंतर.

आठ आठवड्यांनी ओल्या पायाचा ठसा पाहिला तर तो बहुधा तितकाच सपाट दिसेल. मोजायचं ते वेगळं: पावलाच्या आतल्या बाजूच्या ठळक हाडावर पेनाने खूण करून, बसल्यावर आणि उभं राहिल्यावर तिची जमिनीपासूनची उंची. हा फरक 10 मिलिमीटरच्या पुढे असेल, तर पाऊल जास्त खचतं असं धरतात. शिवाय एका पायावर टाच किती वेळा पूर्ण उचलता येते, तेही लिहून ठेवावं. वीसच्या आसपास जमलं तर उत्तम. दोन पायांत मोठी तफावत असेल, तर कमजोर पायाला एक सेट जास्त द्यावा.

घोट्याच्या आतल्या हाडामागे दुखरी सूज आली, टाच उचलताच येईना, किंवा एकच पाऊल मोठेपणी अचानक सपाट होऊ लागलं, तर व्यायाम थांबवून डॉक्टर गाठावा. तो स्नायुबंध झिजत असल्याची ती लक्षणं असतात, आणि सुरुवातीलाच पट्टा किंवा इनसोलचा आधार मिळाला तर शस्त्रक्रिया बऱ्याचदा टळते.