उडालेला फ्यूज काय सांगतो

आईने इस्त्रीचं बटण दाबलं, 'फट्' असा आवाज झाला आणि घरात अंधार. नात मेणबत्ती शोधायला निघाली, तर आबा म्हणाले, "आधी खिडकीतून बघ, शेजारी दिवे आहेत का?" होते. म्हणजे लाइट गेली नव्हती, घरातलाच फ्यूज उडाला होता.

आबांनी इस्त्रीचा प्लग काढायला लावला, टॉर्च नातीच्या हातात दिला आणि मेन स्विच स्वतः बंद केला. "स्विच बंद केला तरी मीटरकडून इथवर येणाऱ्या वायरीत करंट असतोच. बोर्डाला हात मी लावणार, तुझं काम टेबलावर." मग टेस्टर लावून खात्री केली आणि पांढऱ्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजचा वरचा भाग ओढून काढून तिच्यासमोर ठेवला.

आत काजळी होती आणि वितळलेल्या तांब्याचे बारीक थेंब उडालेले होते. आबांच्या दृष्टीने हेच महत्त्वाचं. लोड जास्त झाला की तार बहुधा मध्येच वितळून तुटते, फारशी काजळी धरत नाही. एवढं काळं म्हणजे शॉर्ट सर्किट. शिवाय साडेसातशे वॅटची इस्त्री 230 व्होल्टला सव्वातीन अँपिअरच्या आसपास घेते. दिवे-पंखे धरूनही 5 अँपिअरचा फ्यूज तेवढ्याने उडत नाही. इस्त्रीची वायर तपासली, तर प्लगजवळचं वेष्टण झिजून दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या होत्या.

आता नवी तार. नातीने जुने तुकडे काढले आणि काजळी कोरड्या फडक्याने पुसली. तारेचं टोक स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं, म्हणजे स्क्रू आवळताना तार बाहेर न सरकता आत ओढली जाते. मग ती खाचेतून नेऊन दुसऱ्या स्क्रूला बांधली. "ताणू नकोस, ताणली की बारीक होते आणि उगाच उडते. आणि स्क्रू ढिला राहिला तर तिथेच तापेल."

"शेजारचे काका साध्या वायरीतल्या तारा पिळून घालतात. त्यांचा फ्यूज कधीच उडत नाही!"

आबा गंभीर झाले. "5 अँपिअरची तार जेमतेम 0.2 मिलिमीटर जाडीची असते. भिंतीतली वायर तापण्याआधी तिने वितळावं, म्हणूनच ती बारीक. काकांची जाड तार टिकेल आणि भिंतीतली वायर जळेल." शॉकपासून मात्र ही तार वाचवत नाही, हेही त्यांनी सांगितलं. माणसाच्या जिवावर बेतायला अँपिअरचा छोटासा अंशही पुरतो आणि तेवढ्याने ती वितळत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो.

आबांनी किटकॅट घट्ट बसवून मेन स्विच चालू केला. दिवे लागले. इस्त्री वायर बदलेपर्यंत बाजूला ठेवली. इस्त्री काढूनही नवी तार लगेच उडाली असती, तर दोष दुसरीकडे कुठेतरी होता; मग आणखी तार न घालता वायरमनलाच बोलवायचं असं आबांचं ठरलं होतं.