शेअरवरचा कर आणि खरेदीची तारीख

शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर किती, हे सांगायला फार वेळ लागत नाही. शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपनीचा शेअर घेतल्यापासून बारा महिन्यांच्या आत विकला, तर नफा अल्पकालीन आणि त्यावर कर २० टक्के. बारा महिने उलटून गेल्यावर विकला तर नफा दीर्घकालीन. वर्षभरातल्या अशा सगळ्या नफ्यातले पहिले १ लाख २५ हजार रुपये माफ, उरलेल्यावर साडेबारा टक्के. इक्विटी म्युच्युअल फंडाचंही असंच. दोन्हीकडे कराच्या रकमेवर ४ टक्के उपकर. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. त्याआधी ते १५ आणि १० टक्के होते, आणि माफी एक लाखाची होती.

गोम आहे ती ‘कधी घेतला’ आणि ‘कितीला घेतला’ या दोन प्रश्नांत. विक्रीची तारीख आणि रक्कम सगळ्यांनाच ठाऊक असते: ब्रोकरला, बँकेला आणि प्राप्तिकर खात्यालाही. खरेदीचा हिशेब मात्र शेवटी आपल्यालाच द्यावा लागतो.

नाशिकच्या एक शिक्षिका समजू. पगार करपात्र आहे, सोबत थोडे शेअर घेतात. एका कंपनीचे ५०० शेअर त्यांनी १२ जून २०२३ ला ३०० रुपयांनी घेतले. त्याच कंपनीचे आणखी ५०० शेअर १२ ऑगस्ट २०२५ ला ५२० रुपयांनी घेतले. १५ डिसेंबर २०२५ ला भाव ६०० झाला तेव्हा त्यांनी ७०० विकले. कोणते विकले? त्यांच्या मनात असतं, ‘नवे पाचशे काढले आणि जुन्यातले दोनशे.’ पण डीमॅट खात्यात शेअरवर नाव-नंबर नसतो. त्यामुळे कायदा सरळ धरतो की जे आधी खात्यात आले ते आधी विकले गेले. म्हणजे जुने ५०० पूर्ण गेले आणि नव्यातले २०० गेले.

जुन्या पाचशेंवर नफा दीड लाख, दीर्घकालीन. त्यातले सव्वा लाख माफ, उरलेल्या २५ हजारांवर साडेबारा टक्क्यांनी ३,१२५ रुपये. नव्या दोनशेंवर नफा १६ हजार, पण अल्पकालीन. त्यावर २० टक्क्यांनी ३,२०० रुपये. दोन्ही मिळून ६,३२५, उपकर धरून ६,५७८. (दलाली वगैरे खर्च सोयीसाठी सोडला आहे.) सोळा हजारांच्या नफ्यावर दीड लाखांच्या नफ्यापेक्षा जास्त कर बसला. बाईंनी पाचशेवरच थांबून उरलेले २०० शेअर १२ ऑगस्ट २०२६ नंतर विकले असते, तर तो नफा पुढच्या वर्षाच्या सव्वा लाखाच्या माफीत गेला असता. तोवर भाव टिकेल का, हा अर्थातच वेगळा प्रश्न. केवळ कर वाचवायला पडत्या बाजारात शेअर धरून बसणं हे शहाणपणाचं नव्हे.

बोनस शेअरचं गणित याहून चमत्कारिक आहे आणि पुष्कळांना ते नोटीस आल्यावरच कळतं. एकाने १०० शेअर ८०० रुपयांनी घेतले, म्हणजे ८० हजार गुंतवले. दोनेक वर्षांनी भाव हजारावर असताना कंपनीने एकास एक बोनस दिला. खात्यात २०० शेअर झाले, भाव साहजिकच निम्मा होऊन ५०० वर आला. त्याने दोन महिन्यांत सगळे विकले आणि एक लाख रुपये हातात आले. खरा नफा २० हजार.

कर मात्र वीस हजारांवर लागत नाही. बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात आणि त्यांची मुदत ते खात्यात आले त्या दिवसापासून मोजतात. मूळ १०० शेअर ८०० ला घेऊन ५०० ला विकले, म्हणून ३० हजारांचा दीर्घकालीन तोटा. बोनसचे १०० शून्याला मिळून ५०० ला गेले, म्हणून ५० हजारांचा अल्पकालीन नफा. वजाबाकी करावी म्हटलं तर दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो, अल्पकालीनमधून नाही. म्हणजे ५० हजारांवर २० टक्के, दहा हजार रुपये कर आणि वर चारशे उपकर. वीस हजार कमावून निम्म्याहून जास्त सरकारजमा! बोनस मिळून बारा महिने होऊ दिले असते आणि भाव तोच राहिला असता, तर पन्नासातून तीस वजा होऊन वीस हजारांचा दीर्घकालीन नफा उरला असता. दुसरा असा नफा नसेल तर त्यावर कर शून्य.

शेअरची विभागणी, म्हणजे स्प्लिट, दिसायला बोनससारखीच असते. पण तिथे मूळ तारीख कायम राहते आणि मूळ किंमत तुकड्यांवर वाटली जाते. म्हणून खात्यात अचानक शेअर वाढलेले दिसले की ते बोनसने वाढले की स्प्लिटने, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवावं. तीन वर्षांनी आठवत नाही.

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य आता घराघरात पोचलं आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत ते खरं आहे, पण ती सवलत नेहमीच्या दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावर आहे. शेअरच्या नफ्याला स्वतःचे वेगळे दर असल्यामुळे तो तिच्या बाहेर पडतो. नऊ लाख पेन्शन आणि पन्नास हजार अल्पकालीन नफा असलेल्या आजोबांना पेन्शनवर काही भरावं लागत नाही. नफ्यावर मात्र १० हजार आणि उपकर भरावाच लागतो. उलट, ज्या गृहिणीला दुसरं काहीच उत्पन्न नाही तिची चार लाखांची मूळ मर्यादा रिकामी असते. तेवढ्यापुरता शेअरचा नफा त्या मर्यादेत बसवता येतो. अट एकच, ती भारतात निवासी असली पाहिजे. परदेशी असलेल्या आपल्या लोकांना, म्हणजे अनिवासींना, हा फायदा मिळत नाही.

सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्यांसाठी वरचं काहीच लागू नाही. इंट्राडेतली कमाई हा सट्ट्याचा व्यवसाय धरला जातो, फ्युचर्स-ऑप्शन्सची कमाई साधा व्यवसाय. दोन्हींवर आपल्या नेहमीच्या टप्प्यांनुसार कर लागतो. रिटर्नही बदलतं: नुसता भांडवली नफा असेल तर साधारणपणे आयटीआर-२, या दोन्हींपैकी काही असेल तर आयटीआर-३. इंट्राडेचा तोटा फक्त इंट्राडेच्या नफ्यातून, तोही पुढची चार वर्षंच वळता होतो. ऑप्शन्समध्ये बुडालेले पैसे त्या वर्षीच्या भाड्यातून किंवा व्याजातून वजा करता येतात, पगारातून नाही. आणि ‘नफाच नाही तर दाखवायचं काय’ असं म्हणून तोटा लपवणाऱ्यांची गल्लत अशी की भांडवली तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. तारीख चुकली की तोटा पुढे नेण्याचा हक्क गेला. उशिराच्या रिटर्नला दंड भरून मार्ग निघतो, तोट्याला निघत नाही.

आता कागदांविषयी. पहिला कागद म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोट. व्यवहार झाला की ब्रोकर ती ईमेलने पाठवतो. त्यात शेअरची संख्या, भाव, दलाली, जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि एसटीटी हे सगळं वेगवेगळं असतं. दलाली आणि मुद्रांक शुल्क नफ्यातून वजा होतात. एसटीटी, म्हणजे रोखे व्यवहार कर, भांडवली नफ्यातून वजा होत नाही. व्यवसाय म्हणून दाखवणाऱ्याला मात्र तो खर्चात धरता येतो.

दुसरा कागद ब्रोकरचा वार्षिक नफा-तोटा अहवाल. तो उघडून तयार आकडे रिटर्नमध्ये उतरवायचा मोह होतो, आणि एकाच ब्रोकरकडे सगळे व्यवहार असतील तर बहुतेक वेळा ते बरोबरही असतात. बिघडतं ते शेअर दुसऱ्या डीमॅटमधून आलेले असतील तेव्हा. नव्या ब्रोकरला जुनी खरेदी माहीत नसते. तो किंमत शून्य दाखवतो किंवा भलतीच धरतो. वडिलांकडून वारशाने किंवा बक्षीस म्हणून आलेल्या शेअरचंही तसंच. कायद्याने त्यांना वडिलांची तारीख आणि वडिलांचीच किंमत लागू होते, पण अहवालात ती आपोआप येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: खरेदीच्या रकान्यात शून्य, किंवा खरेदीची तारीख आणि शेअर वळते केल्याची तारीख एकच.

जुन्या शेअरसाठी ३१ जानेवारी २०१८ ही तारीख लक्षात ठेवावी. त्या दिवसापर्यंतची वाढ सरकारने माफ केली आहे. २००९ साली ९० रुपयांना घेतलेला शेअर त्या दिवशी जास्तीत जास्त ४०० ला गेला होता आणि आज ६५० ला विकला, तर खरेदी किंमत ४०० धरायची आणि नफा २५०. आज ३५० लाच विकला तर किंमत ३५० धरायची. नफाही नाही, तोटाही नाही. अशा शेअरची माहिती रिटर्नमध्ये एकेका कंपनीनुसार भरावी लागते. म्हणून त्या दिवसाच्या भावाचा कागद फाइलला लावून ठेवावा.

तिसरी गोष्ट प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरचं वार्षिक माहिती विवरण, म्हणजेच एआयएस. आपण काय विकलं हे खात्याला कुठून कळलं, ते इथे दिसतं. यातल्या रकमा कधीकधी अंदाजी असतात, खरेदीची किंमत तर सर्रास अपुरी असते. त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे उतरवू नयेत आणि त्यांच्याकडे डोळेझाकही करू नये. आपल्या कॉन्ट्रॅक्ट नोटशी ओळ न् ओळ ताडून पाहावी, चूक असेल तर तिथेच अभिप्राय नोंदवावा. विक्रीची एखादी ओळ विवरणात आहे आणि रिटर्नमध्ये नाही, यातूनच बऱ्याच नोटिसा निघतात.

हे सगळं किती वर्षं ठेवायचं? जुनं प्रकरण खात्याला साधारणपणे करनिर्धारण वर्ष संपल्यावर सव्वातीन वर्षांपर्यंत उघडता येतं. सुटलेलं उत्पन्न ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वापाच वर्षांपर्यंत. पण ही मोजणी विक्रीच्या वर्षापासून सुरू होते. वीस वर्षांपूर्वी घेतलेला शेअर अजून खात्यात असेल तर त्याच्या खरेदीचा कागद अजून जुना झालेला नाही. ब्रोकर बदलताना किंवा खातं बंद करताना आधी सगळे अहवाल आणि कॉन्ट्रॅक्ट नोटा उतरवून घ्याव्यात. लॉगिन बंद झाल्यावर तेच कागद मागायला ईमेलवर ईमेल करावे लागतात, आणि तेही नेमके जुलैच्या शेवटच्या आठवड्यात.