गोदामाला सुपरवायझर हवा, पण कोणत्या कामाला?

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोलीपासून पडघ्यापर्यंत गोदामांच्या रांगा लागल्या आहेत. मुंबईत जकात होती, तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर माल साठवणं व्यापाऱ्यांना परवडायचं. भिवंडीची गोदामं त्या हिशेबाने वाढली आणि २०१७ साली जकात जाऊन जीएसटी आला तरी वाढतच राहिली. अशा गोदामांतून एक जाहिरात थोड्याफार फरकाने सतत निघत असते : ‘वेअरहाऊस सुपरवायझर पाहिजे. पदवीधर, तीन ते पाच वर्षांचा अनुभव, कॉम्प्युटरचे ज्ञान, उत्तम संवादकौशल्य, ताण सहन करण्याची तयारी. पगार योग्यतेनुसार.’

या मजकुरातला ‘वेअरहाऊस’ शब्द काढला, तर हीच जाहिरात हॉटेलला किंवा कुरिअरच्या कचेरीलाही चालेल. वाचणाऱ्याला कामाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून ज्याला नोकरी हवी आहे तो प्रत्येक जण अर्ज टाकतो आणि ज्याला हे काम खरंच येतं तो पगाराचा आकडा न दिसल्याने पुढे सरकतो. अर्जांचा ढीग पडतो, पण त्यात उपयोगाचे अर्ज थोडेच निघतात.

दोष भाषेचा वाटतो, पण तो त्याच्या आधीचा असतो. सुपरवायझरने नेमकं काय करायचं, हे गोदामाने ठरवलेलंच नसतं. आलेला माल मोजून, तपासून उतरवून घेणं हे एक काम. ऑर्डरप्रमाणे माल काढून गाड्या वेळेत रवाना करणं हे दुसरं. रॅकवरचा साठा आणि कॉम्प्युटरमधला साठा जुळता ठेवणं हे तिसरं. लहान गोदामात तिन्ही कामं एकाच माणसाकडे असतात, मोठ्या गोदामात तिघांकडे. उत्तम डिस्पॅच सांभाळणारा माणूस साठ्याच्या मोजणीत कच्चा असू शकतो, म्हणून आपल्याला यांतला कोण हवा हे आधी ठरवावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, बिस्किटं आणि साबण साठवणारं एक गोदाम आहे. दिवसपाळीत बारा पिकर, दोन फोर्कलिफ्ट ऑपरेटर, एक डेटा एंट्री ऑपरेटर आणि हमालीला माथाडी टोळी. इथल्या जाहिरातीचा कच्चा माल ऑफिसात बसून मिळणार नाही. सध्याच्या सुपरवायझरच्या मागे आठवडाभर वही घेऊन फिरलं, तर तो मिळतो. सकाळी तो पिकरना कामं वाटून देतो. मग दोन गाड्या डॉकवर लागतात. त्यांतली खोकी बिलाशी ताडून पाहतो, फाटलेली वेगळी काढून ट्रान्सपोर्टच्या पावतीवर शेरा मारून घेतो. दुपारनंतर डिस्पॅच. बिस्किटांना मुदत असते, म्हणून ज्याची मुदत आधी संपणार तो माल आधी बाहेर जातोय ना, हे त्याला पाहावं लागतं. संध्याकाळी काही रॅक मोजून आकडे जुळवतो.

ही वही समोर ठेवली, की जाहिरातीतले पोकळ शब्द एकेक करून बदलता येतात. ‘कॉम्प्युटरचे ज्ञान’ म्हणजे इथे काय? गोदामाच्या प्रणालीत आवक-जावक नोंदवणं, एक्सेलमध्ये साठ्याची तफावत काढणं आणि ई-वे बिल बनवणं. ई-वे बिलाची मुदत साधारणपणे २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरली जाते. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत चढवला, तर बिलात नव्या गाडीचा नंबर भरावा लागतो. हे ज्याने केलंय, तो जाहिरातीतली ती एक ओळ वाचूनच ओळखतो की हे आपलं काम आहे.

‘उत्तम संवादकौशल्य’ हा तर सगळ्यांत फसवा शब्द. वाचणाऱ्याला वाटतं, इंग्रजी बोलता यायला हवं. गोदामात गरज असते ती वेगळीच. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्यानुसार नोंदलेल्या हमालांची मजुरी माथाडी मंडळामार्फत दिली जाते आणि टोळीचं काम मुकादमाच्या मार्फत चालतं. अशा टोळीवर सुपरवायझरने नोकरासारखा हुकूम सोडून भागत नाही. मुकादमाशी बोलून गाडी वेळेत खाली करून घ्यावी लागते. म्हणून तिथे सरळ लिहावं : ‘माथाडी टोळीकडून काम करून घेतल्याचा अनुभव, मराठी आणि हिंदी बोलता येणे.’

यानंतर अटींना कात्री लावायची. प्रत्येक अटीला एकच प्रश्न विचारावा : ही गोष्ट पहिल्या दिवशी यायलाच हवी, की महिनाभरात शिकवता येईल? एखादी विशिष्ट प्रणाली शिकवता येते. साठ्याची तफावत का आली हे शोधायची सवय सहज शिकवता येत नाही. पदवीची अट तर बहुतेक ठिकाणी सवयीनेच घातली जाते. पिकर म्हणून लागून वर आलेला, प्रत्येक रॅक पाठ असलेला बारावी पास माणूस त्या एका शब्दाने बाहेर पडतो. फोर्कलिफ्टचंही तसंच. सुपरवायझर स्वतः ती चालवणार नसेल, तर चालवता येण्याची अट नको. ती सुरक्षित चालते की नाही हे त्याला कळलं म्हणजे पुरे. ‘फक्त पुरुष’ असं तर लिहूच नये. कायद्याने स्त्रियांना मनाई नसलेल्या कामात भरतीच्या वेळी असा भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने बंदी घातली आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही ती कायम ठेवली.

जाहिरातीत जवळजवळ कधीच न दिसणारी गोष्ट म्हणजे अधिकार. साठा कमी भरला तर जाब सुपरवायझरला विचारतात. पण फाटका माल परत पाठवायचा, अर्धवट भरलेली गाडी थांबवायची, पिकरची पाळी बदलायची हे त्याच्या हातात आहे का? जबाबदारी आहे आणि अधिकार नाही, हे रुजू झाल्यावर कळलं की चांगला माणूस टिकत नाही. ते आधीच लिहिलेलं बरं.

पगार, पाळी, साप्ताहिक सुट्टी आणि येण्याजाण्याची सोय यांबाबतही तेच. भिवंडीची बरीच गोदामं रेल्वे स्टेशनपासून लांब आहेत. कल्याणहून येणारा माणूस रात्री दहाला सुटल्यावर घरी कसा जाणार, याचा विचार तो अर्ज करण्याआधी करतो. कंपनीची बस असेल तर कुठून कुठपर्यंत ते लिहावं आणि नसेल तर तेही लिहावं.

आपल्या उदाहरणातल्या गोदामाची जाहिरात मग अशी होते : ‘बिस्किटे व साबणाच्या गोदामासाठी दिवसपाळी सुपरवायझर. बारा पिकर व दोन फोर्कलिफ्ट ऑपरेटरांचे काम पाहणे; आलेला माल तपासून घेणे; मुदतीच्या क्रमाने डिस्पॅच; रोज ठरलेल्या रॅकची मोजणी करून तफावतीचे कारण शोधणे. खराब माल नाकारण्याचा आणि पिकरच्या पाळ्या लावण्याचा अधिकार. गोदामातील दोन वर्षांचा अनुभव आवश्यक, पिकर किंवा चेकर म्हणून केलेले कामही धरले जाईल. ई-वे बिल व एक्सेल यायला हवे. आमची प्रणाली शिकवू. पदवीची अट नाही.’ त्याखाली पगाराचा किमान-कमाल आकडा, वेळ, सुट्टीचा वार आणि गोदामाचा पत्ता.

छापण्याआधी हा मजकूर गोदामातल्याच एखाद्या जुन्या पिकरला वाचायला द्यावा. ‘हे काम तर आपल्याकडे दुसराच करतो’ असं तो म्हणाला, तर तिथे दुरुस्ती करावी. मुलाखतीला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत असेल, तर त्याचं उत्तर जाहिरातीत राहून गेलं आहे असं समजावं. अशी जाहिरात दिल्यावर अर्ज पूर्वीपेक्षा कमी आले, तर मालकांनी घाबरून पदवीची अट परत घालू नये. आलेले अर्ज आधी नीट वाचावेत.