धुक्याचा हिशेब

‘झिरो ए. डी.’ हा प्राचीन काळातल्या लढायांवर बेतलेला मुक्तस्रोत संगणक-खेळ. डाव सुरू होतो तेव्हा नकाशा बहुतेक काळाच असतो. घोडेस्वार पुढे दौडवला की त्याच्याभोवतीचा मुलूख उजळतो. तो निघून गेला की डोंगर-झाडं दिसत राहतात, पण वर करडी छाया पसरते आणि तिथून शत्रूचं सैन्य गेलं तरी पत्ता लागत नाही. यालाच ‘फॉग ऑफ वॉर’ म्हणतात.

म्हणजे नकाशावरचा प्रत्येक चौकोन खेळाडूच्या लेखी तीनपैकी एका अवस्थेत असतो: कधीच न पाहिलेला, पूर्वी पाहिलेला किंवा आत्ता दिसणारा. तेवढ्यासाठी दोन बिट पुरतात, त्यामुळे १६ खेळाडूंची नोंद ३२ बिटांच्या एकाच संख्येत मावते.

साठवण सोपी आहे. खरी मेख आहे ती चौकोन पुन्हा करडा कधी करायचा, यात. एकाच चौकोनावर दोन सैनिकांची नजर असेल आणि त्यांतला एक निघून गेला, तर तो चौकोन उजळच राहायला हवा. म्हणून प्रत्येक चौकोनाला, खेळाडूगणिक, एक मोजणी जोडलेली असते: इथे किती जणांची नजर आहे? नजर आली की एक वाढवायचा, गेली की एक घटवायचा. आकडा शून्यावर आला की चौकोन करडा. ‘पाहिलेला’ ही खूण मात्र एकदा लागली की पुसली जात नाही.

समजा, एका सैनिकाची नजर १० चौकोनांपर्यंत पोचते. त्या वर्तुळात ३१७ चौकोन येतात. तो एक चौकोन उजवीकडे सरकला म्हणून जुनं वर्तुळ पुसून नवं भरायचं, तर ६३४ नोंदी बदलाव्या लागतील. पण वर्तुळाच्या २१ ओळींपैकी प्रत्येकीत डावीकडचा एकच चौकोन सुटतो आणि उजवीकडचा एकच नव्याने येतो. बाकीच्यांना हात लावायचं कारणच नाही. ४२ नोंदींत काम भागतं! ‘झिरो ए. डी.’ असंच ओळीओळीने फरकापुरतं काम करतो.

या काटकसरीत धोकाही आहे. सैनिकाची नजर ४ असताना मोजणी भरली, मग ती ६ झाली, पण वाढीची नोंद करायची राहिली. तो मेला आणि वजाबाकी ६ च्या वर्तुळाने झाली. आता बाहेरच्या कड्यातले ६४ चौकोन कुणी न वाढवताच घटले. मोजणी १६ बिटांची आणि ऋण आकडे न मानणारी असेल, तर शून्यातून एक गेल्यावर उरतात ६५,५३५. परिणाम उलटाच: सैनिक मेला, तरी ते कडं डाव संपेपर्यंत उजळ राहतं.

असा दोष पडद्यावर लगेच ओळखू येतो, कारण जवळपास कुणीही नसताना जमीन लख्ख दिसते. पण एकाने चुकलेली मोजणी दुसऱ्या सैनिकांच्या नजरेखाली झाकलीही जाते. त्यामुळे चाचणीच्या वेळी अधूनमधून सगळी मोजणी शून्यापासून पुन्हा करून चालू आकड्यांशी ताडून पाहतात. जिथे फरक निघेल, त्या चौकोनावर शेवटची बेरीज-वजाबाकी कुणाची होती, तिथून शोध सुरू होतो.