हसावं की नाही? 'पीपली लाइव्ह' घरी लावण्याआधी

गेल्या दिवाळीत आमच्याकडे पाहुणे होते. फराळ झाला, पत्ते झाले, आणि मुलांनी टीव्हीवर काहीतरी लावायचा आग्रह धरला. 'पीपली लाइव्ह' मीच सुचवला. आपल्या रायसेन जिल्ह्यातल्या बडवई गावात चित्रीकरण झालेला, भोपाळच्या 'नया थिएटर'च्या कलावंतांनी भरलेला आणि वर कॉमेडी म्हणून नोंदलेला चित्रपट. सगळ्यांना आवडेल असं मला वाटलं. पहिल्या अर्ध्या तासात मुलं खो-खो हसत होती. आत्याचे यजमान मात्र हळूच उठून बाल्कनीत गेले. ते मूळचे यवतमाळकडचे. मी चहा घेऊन गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चित्रपट वाईट नाही रे. पण मला नाही हसू येत."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हा प्रश्न आहे. एकाच खोलीत, एकाच दृश्यावर, एकाला हसू येतं आणि दुसऱ्याला उठून जावंसं वाटतं. यात चूक कोणाचीच नसते. पण लावायच्या आधी थोडा अंदाज घेता आला असता का? मला वाटतं, आला असता. त्यासाठी हाच चित्रपट जरा नीट उलगडून पाहू.

अनुषा रिझवी यांचा हा चित्रपट ऑगस्ट २०१० मध्ये प्रदर्शित झाला. कथा अशी : नत्था आणि बुधिया हे दोघे भाऊ. बँकेचं कर्ज थकलं म्हणून जमिनीचा लिलाव व्हायची वेळ आलेली. मदत मागायला ते गावातल्या पुढाऱ्याकडे जातात. तो टिंगल करत सांगतो, की आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना सरकार एक लाख रुपये देतं. परतताना दोघं भाऊ विचारात पडतात. मग मरायचं कोणी, यावर "मी मरतो", "नाही, मी मरतो" असा संवाद होतो, आणि त्यात थोरला बुधिया धाकट्याला मोठ्या शिताफीने पुढे करतो. ही बातमी एका स्थानिक पत्रकाराच्या कानावर पडते आणि बघता बघता गावात वाहिन्यांच्या गाड्यांची जत्रा भरते.

आता या दृश्यांत हसू नेमकं कशाचं येतं ते बघा. काळ्या विनोदाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा विषयाकडेच बघतो : मरण आहे, आत्महत्या आहे, म्हणजे जड. पण खरा फरक विषयाने पडत नाही, विनोदाचं बोट कोणाकडे आहे याने पडतो. 'पीपली'मध्ये सरकारी अधिकारी नत्थाला एका योजनेतून हातपंप देऊन जातात. पंप दाराशी आणून ठेवला, तो बसवायचा कसा, याचा पत्ता नाही. इथे आपण नत्थाला हसत नाही, योजनेला हसतो. नत्था दिसेनासा होतो तेव्हा एक वार्ताहर त्याच्या विष्ठेवरून त्याच्या मनःस्थितीचं विश्लेषण करतो. हसू किळसवाणं आहे, पण तेही वार्ताहरावरच आहे.

भावांच्या त्या संवादात मात्र बोट क्षणभर गरिबाकडेच वळतं. आमचे काका उठले ते त्या दृश्यानंतर. आणि या जागी अडणारे ते एकटे नव्हते. चित्रपट आला तेव्हा विदर्भ जनआंदोलन समितीने त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. शेतकरी भरपाईच्या पैशासाठी जीव देतो असं चित्र उभं राहतं, हा त्यांचा मुद्दा होता. चित्रपटाच्या बाजूनेही सांगण्यासारखं पुष्कळ आहे. ही कल्पना नत्थाला सुचलेलीच नाही, ती पुढाऱ्याने टाकलेली आहे, आणि पुढचा सगळा चित्रपट त्या पुढाऱ्याच्या जगाचंच वस्त्रहरण करतो. पण ज्याच्या भावकीत अशी घटना घडली आहे, त्याला हा युक्तिवाद ऐकवून हसवता येत नाही.

बाल्कनीत काकांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. महाराष्ट्रातही अशा कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते, पण त्याआधी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता की नव्हता, हे सगळं कागदावर यावं लागतं. कागद जुळले नाहीत तर मरणाऱ्याच्या नावापुढे 'अपात्र' असा शेरा पडतो. "मरायलाही पात्रता लागते," काका म्हणाले, आणि त्यावर मात्र ते स्वतःच हसले. ते हसू मी विसरलेलो नाही. चित्रपटातल्या कुठल्याही विनोदापेक्षा तो विनोद काळा होता. पण तो त्यांचा होता, आतून आलेला होता. काळ्या विनोदाला माणूस हसतो की नाही, हे बरंचसं यावर ठरतं, की सांगणारा त्या दुःखाच्या आतला वाटतो की बाहेरचा.

हे आपल्याला भोपाळकरांना वेगळं सांगायला नको. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीबद्दल जुन्या वस्तीतले लोक आपापसात काय काय बोलतात, त्यात कधी कधी चेष्टाही असते. तीच चेष्टा परक्याने मंचावरून केली तर? 'पीपली' पाहताना काकांचं जे झालं, ते तेव्हा आपलं होईल.

दुसरी गोष्ट पाहायची ती ही, की चित्रपट हसायचा थांबतो का, आणि कुठे? (इथे कथेचा एक धागा उघड करतो आहे, शेवट सांगत नाही.) 'पीपली'मध्ये होरी महतो नावाचा एक हडकुळा शेतकरी अधूनमधून दिसतो. तो बोलत नाही. माती खणतो, ती विकतो. सगळे कॅमेरे नत्थाच्या दाराशी, आणि होरी एक दिवस त्याच खड्ड्यात मेलेला सापडतो. स्थानिक पत्रकार अस्वस्थ होऊन हे इंग्रजी वाहिनीच्या वार्ताहर बाईला सांगतो, तर तिच्या लेखी ती बातमीच नसते. या दृश्यात एकही विनोद नाही. इथवरच्या हसण्याचा हिशेब दिग्दर्शिका इथे मागते. जो 'मरणार' म्हणतो त्याला आपण पाहत होतो, जो मरत होता तो आपल्याही नजरेतून सुटला होता.

ज्यांना असं मध्येच थांबवलं जाणं आवडतं, त्यांना हा चित्रपट भावतो. ज्यांना संध्याकाळ हलकी घालवायची आहे, त्यांना इथे फसवल्यासारखं वाटतं. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत, त्या आधी ठरवाव्यात इतकंच.

याच विषयावरचा मराठी चित्रपट शेजारी ठेवला की फरक आणखी कळतो. सतीश मन्वर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा २००९ चा चित्रपट 'पीपली'च्या आधीचा आणि थेट विदर्भातला. गावात एक आत्महत्या होते आणि अलकाला भीती बसते, की आपला नवरा किसनाही तसंच काही करेल. ती त्याला एकटं सोडत नाही. मुलाला त्याच्या मागे मागे पाठवते, घरात चांगलंचुंगलं करून घालते. किसनाला कळेना, आज हे कौतुक कशाचं! बापाच्या पावलावर पाऊल टाकत निघालेला तो पोरगा पाहून हसू येतं, पण त्याच वेळी पोटात कालवतं, कारण विनोदाच्या मुळाशी बायकोचं प्रेम आणि धास्ती आहे. इथे वाहिन्या नाहीत, मंत्री नाहीत, टिंगल करायला बाहेरचं कोणी नाही. बोट नियतीकडे आणि आभाळाकडे. म्हणून हा चित्रपट हळू आहे, हसू कमी आहे, पण काकांनी तो पुढे दोन दिवसांनी पूर्ण पाहिला. मुलं मात्र वीस मिनिटांत कंटाळली. विषय तोच, पण सूर वेगळा, म्हणून प्रेक्षकही वेगळा.

मग घरी लावण्याआधी अंदाज कसा घ्यावा? ट्रेलरवर विसंबू नका. ट्रेलरमध्ये हमखास हशे एकत्र केलेले असतात, आणि होरी महतोसारखं पात्र त्यात अभावानेच दिसतं. प्रमाणपत्रावरूनही सुराचा पत्ता लागत नाही. आता 'यूए'चे ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन टप्पे झाले आहेत, त्यामुळे शिव्या, मारामारी किती हे थोडं अधिक कळतं. पण विनोद कोणाच्या अंगाला लागणार आहे, हे त्यात नसतं.

त्यापेक्षा पहिली पंधरा मिनिटं एकट्याने पाहा. या काळात दिग्दर्शक आपले पत्ते बहुधा उघडे करतोच. 'पीपली'त लिलावाची धास्ती आणि भावांची बोलणी लवकरच येतात. त्या पंधरा मिनिटांत तुम्ही जिथे हसलात, तिथे थांबून बघा : हसलात कोणाला? नडलेल्या माणसाला, की त्याला नाडणाऱ्याला? आणि ज्यांच्यासोबत बघणार आहात, त्यांच्यापैकी कोणाच्या घरात हा विषय बातमी म्हणून आला होता आणि कोणाच्या घरात निरोप म्हणून? दुसरं उत्तर असेल, तर त्या माणसाला आधी एका वाक्यात सांगा, "यात आत्महत्येवर विनोद आहेत, बघायचं का?" एवढं विचारल्याने मजा जात नाही. उलट तो माणूस बसला, तर आपल्या मर्जीने बसतो.

सवय नसेल, तर सुरुवात कुठून करावी असं तरुण मंडळी विचारतात. माझा सल्ला 'जाने भी दो यारों'चा. १९८३ चा हा चित्रपट. त्यात एक प्रेत महाभारताच्या नाटकात स्टेजवर येतं आणि प्रेक्षागृह डोक्यावर घेतलं जातं. मेलेला माणूस भ्रष्ट अधिकारी असल्याने मनावर ओझं येत नाही, आणि शेवटचं दृश्य तुम्हाला नेमकं सांगतं, की या जातीचा विनोद कुठे नेऊन सोडतो. तो शेवट पचला तर 'पीपली' पाहा, आणि 'पीपली' पचला तर 'गाभ्रीचा पाऊस'.

या दिवाळीत काका पुन्हा येणार आहेत. मुलांनी विचारलंय, काय लावायचं. मी म्हटलं, या वेळी काकांनाच विचारू.