भाताच्या पानावरील रोग ओळखणाऱ्या यंत्राची परीक्षा कशी घ्यावी?

पनवेल तालुक्यातील खाडीकाठच्या खार जमिनीत भाताचे पान शेंड्याकडून वाळू लागले, की त्याची कारणे एकाहून अधिक असू शकतात. उधाणाचे पाणी बांध फोडून किंवा नादुरुस्त उघाडीतून खाचरात शिरले असेल, तर क्षारांमुळे पानांचे शेंडे पांढुरके होऊन वाळतात. कडाकरपा हा जिवाणूंमुळे होणारा रोगही बहुधा शेंड्यापासूनच सुरू होतो आणि पानाच्या कडेने नागमोडी, पिवळसर पट्टा धरून खाली उतरतो. दोहोंवरील उपाय मात्र अगदी भिन्न आहेत. क्षारबाधा असेल तर उघाडी दुरुस्त करून गोड्या पाण्याने क्षारांचा निचरा करावा लागतो; तेथे औषध फवारल्यास पैसा व्यर्थ जातो, आणि खारे पाणी खाचरात तसेच राहून पीक अधिकच खालावते.

हल्ली पानाचे छायाचित्र घेऊन रोगाचे नाव सांगणारी यंत्रणा शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर येऊन पोहोचली आहे. केंद्र शासनानेही ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली असून तिच्यात छायाचित्रावरून किडी-रोग ओळखण्याची सोय आहे. अशा यंत्रणेच्या पोटात जो कार्यक्रम असतो त्यास क्लासिफायर म्हणतात. आपण त्यास ओळखयंत्र म्हणू. त्यास रोगाची लक्षणे कोणी शब्दांत शिकवीत नाही. नाव लावलेली हजारो छायाचित्रे दाखविली, की त्यांतील साम्य-भेद ते स्वतःच शोधून काढते. परंतु त्याने नेमके कोणते साम्य पकडले, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून ते गावात वापरण्यापूर्वी त्याची परीक्षा घेणे अवश्य ठरते. या परीक्षेचे तीन टप्पे येथे देत आहोत.

पहिला टप्पा : राखून ठेवलेली छायाचित्रे

ज्या छायाचित्रांवर यंत्र शिकले, तीच पुन्हा दाखवून परीक्षा घेणे म्हणजे विद्यार्थ्याला सोडवून दिलेलीच उदाहरणे परीक्षेत घालण्यासारखे होय. म्हणून जमविलेल्या छायाचित्रांपैकी सुमारे पाचवा हिस्सा आरंभीच बाजूला काढून ठेवावा व शिकविताना त्यास हात लावू नये.

येथे एक चूक फार वेळा घडते. एकाच खाचरात उभे राहून आपण वीस छायाचित्रे घेतो. ती सर्व एकत्र मिसळून त्यांतून चार राखून ठेवली, तर उरलेली सोळा यंत्राने पाहिलेली असतात. तीच माती, तेच ऊन, तोच वाण. अशा परीक्षेत मिळालेले गुण खरे नसतात. यास्तव छायाचित्रे सुटी न वाटता खाचरे वाटावीत : काही खाचरांतील सर्व छायाचित्रे शिकण्यासाठी व काही खाचरांतील सर्व परीक्षेसाठी. एखादे गाव संपूर्णपणे परीक्षेसाठी राखता आले, तर अधिकच उत्तम.

राखलेल्या छायाचित्रांवरील नावे निश्चित असली पाहिजेत. कडाकरप्याची खात्री करण्यास सोपी रीत आहे. रोगट पान कापून त्याचे कापलेले टोक काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावे. रोग असल्यास काही मिनिटांत दुधासारखे धागे पाण्यात उतरताना दिसतात. क्षारबाधेसाठी जमिनीची क्षारता मोजून घ्यावी. ती मीटरमागे सुमारे ३ डेसिसायमनच्या वर गेली, की भाताचे पीक घटू लागते. नुसत्या नजरेने नावे लावली, तर चूक यंत्राची की नाव लावणाऱ्याची, हे पुढे कळत नाही.

परीक्षेची छायाचित्रे शिकण्याच्या छायाचित्रांसारखीच असली तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण २०१६ सालचे आहे. मोहंती, ह्यूज व सलाथे या संशोधकांनी १४ पिकांच्या ५४,३०६ छायाचित्रांवर एक ओळखयंत्र शिकविले. त्याच संग्रहातून राखलेल्या छायाचित्रांवर त्याची अचूकता ९९.३५ टक्के भरली. तेच यंत्र निराळ्या ठिकाणांहून आणलेल्या छायाचित्रांवर चालविले, तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली. यंत्र तेच होते, परीक्षा मात्र बदलली होती.

दुसरा टप्पा : गल्लतीचा तक्ता

अचूकतेचा एकच आकडा पाहून समाधान मानू नये. यंत्राने कशास काय म्हटले याचा तक्ता मांडावा. इंग्रजीत यास कन्फ्यूजन मॅट्रिक्स म्हणतात. आपण गल्लतीचा तक्ता म्हणू. रीत समजावी म्हणून पुढे २०० छायाचित्रांचे एक कल्पित उदाहरण दिले आहे. आडव्या ओळीत पानाची खरी स्थिती व उभ्या रकान्यात यंत्राचे उत्तर आहे.

| खरी स्थिती | निरोगी | करपा | कडाकरपा | क्षारबाधा | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| निरोगी | ११७ | १ | १ | १ | १२० |
| करपा | २ | ३६ | २ | ० | ४० |
| कडाकरपा | ० | १ | १८ | १ | २० |
| क्षारबाधा | १ | ० | ११ | ८ | २० |

कर्णावरील आकडे, म्हणजे ११७, ३६, १८ व ८, ही बरोबर उत्तरे होत. त्यांची बेरीज १७९, अचूकता ८९.५ टक्के. ऐकणाऱ्यास हे यंत्र उत्तम वाटेल. परंतु शेवटची ओळ वाचावी. क्षारबाधेच्या २० पानांपैकी यंत्राने ८ ओळखली आणि ११ पानांस कडाकरपा ठरविले. म्हणजे क्षारबाधा सापडण्याचे प्रमाण अवघे ४० टक्के. निरोगी पाने संख्येने अधिक व ओळखण्यास सोपी असल्यामुळे हा दोष एकूण आकड्यात झाकून गेला.

आता कडाकरप्याचा उभा रकाना वाचावा. यंत्राने एकूण ३२ वेळा कडाकरपा सांगितला. त्यांपैकी १८ वेळाच तो खरा होता. म्हणजे "कडाकरपा आहे" या उत्तरावर विसंबून औषध आणणाऱ्या ३२ शेतकऱ्यांपैकी १४ जणांचा खर्च वाया गेला असता, आणि त्यांतील ११ जणांच्या खाचरातील खारे पाणी तसेच राहिले असते. ओळ वाचली की रोग किती सुटला हे कळते. रकाना वाचला की यंत्राच्या शब्दावर किती विश्वास ठेवावा हे कळते. दोन्ही वाचल्याशिवाय निर्णय करू नये.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. २० पानांवरून काढलेले ४० टक्के हे ढोबळ असतात. हिशेब केल्यास खरे प्रमाण सुमारे २२ ते ६१ टक्क्यांमध्ये कोठेही असू शकते. म्हणून जो प्रकार आपल्या गावी महत्त्वाचा, त्याची छायाचित्रे परीक्षेत पुरेशी असावीत. खारपट्ट्यात वापरावयाच्या यंत्रासाठी क्षारबाधेची वीसच पाने पुरेशी नव्हेत.

तिसरा टप्पा : उत्तर ठाऊक नसताना परीक्षा

पेल्यातील पाण्याची किंवा क्षारतेची तपासणी प्रत्येक पानाची होऊ शकत नाही. शेतकऱ्यांकडून येणाऱ्या बहुतेक छायाचित्रांचे खरे उत्तर कोणासच ठाऊक नसते. मग परीक्षा कशी घ्यावी? यासाठी १९९८ साली हाँगकाँग येथे टी. वाय. चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या कार्यक्रमांकरिता एक युक्ती मांडली. तीस मेटामॉर्फिक चाचणी म्हणतात. आपण रूपबदलाची चाचणी म्हणू.

युक्ती अशी : उत्तर काय हे माहीत नसले, तरी दोन उत्तरांमधील नाते माहीत असू शकते. पान आडवे धरले म्हणून त्याचा रोग बदलत नाही. तेव्हा एकच छायाचित्र मूळ रूपात व फिरवून, असे दोनदा यंत्राला दाखवावे. उत्तरे भिन्न आली, तर निदान एक उत्तर चूक आहे हे निश्चित. मग खरे उत्तर ठाऊक नसले तरी चालेल.

पुन्हा कल्पित उदाहरण घेऊ. नाव न लावलेली ५० छायाचित्रे घेऊन प्रत्येकाची चार रूपे केली. काटकोनात फिरविल्यावर २ उत्तरे बदलली; आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटविल्यावर १; उजेड थोडा कमी केल्यावर ३; आणि पानास धक्का न लावता केवळ त्यामागील चिखल पुसून कोरा कागद ठेवल्यावर १७ उत्तरे बदलली. याचा अर्थ स्पष्ट आहे. यंत्र पानाबरोबर मागची जमीनही वाचीत आहे. शिकविताना क्षारबाधेची सर्व छायाचित्रे पांढरी पापडी आलेल्या खारपट्ट्यात व कडाकरप्याची सर्व गोड्या जमिनीत घेतली गेली असतील, तर असेच घडते. पापडी दिसली नाही, की ते क्षारबाधेस कडाकरपा म्हणते. वरील तक्त्यातील ११ गल्लतींचे एक संभाव्य कारण येथे हाती लागते.

ही शंका निराधार नाही. २०१६ च्या प्रयोगात वापरलेल्या त्याच संग्रहातील प्रत्येक छायाचित्राच्या पार्श्वभूमीचे केवळ आठ बिंदू घेऊन नोयान या संशोधकाने २०२२ साली यंत्र शिकविले. पान जवळजवळ न पाहताच ते ४९ टक्के वेळा बरोबर ठरले. संग्रहात ३८ प्रकार होते. नुसत्या अंदाजाने तीन टक्केही बरोबर येऊ नयेत.

रूपबदल निवडताना विचार हवा. पानाचा रंग हेच लक्षण असल्यामुळे रंग फार बदलू नये. शेंडा कापला जाईल असे छायाचित्र छाटू नये. रोगाची खूणच तेथे असते. आणखी असे, की ही चाचणी उत्तीर्ण होणे म्हणजे यंत्र बरोबर असणे नव्हे. प्रत्येक पानास "करपा" म्हणणारे यंत्र फिरविण्याच्या सर्व चाचण्या निर्विघ्नपणे पार करील. ही चाचणी दोष दाखविते, निर्दोषपणा सिद्ध करीत नाही. म्हणून गल्लतीचा तक्ता सोडता येत नाही.

दोष सापडल्यावर

वरील उदाहरणातील उपाय शेतातच आहे. क्षारबाधा व कडाकरपा या दोहोंची छायाचित्रे दोन्ही प्रकारच्या जमिनींत, निरनिराळ्या वाणांवर व निरनिराळ्या वेळी घ्यावीत. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने प्रसारित केलेले पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे क्षार सहन करणारे वाण व इतर वाण यांचीही सरमिसळ त्यांत असावी. मग यंत्र नव्याने शिकवावे. मात्र ज्या राखलेल्या छायाचित्रांवरून दोष शोधला, त्यांवरच सुधारणेची अंतिम परीक्षा घेऊ नये. त्यांच्याकडे पाहून आपण दुरुस्ती केली, म्हणजे ती आता शिकवणीचा भाग झाली. नवी खाचरे राखून नवी परीक्षा घ्यावी.

त्यानंतरही गल्लत उरली, तर छायाचित्रात आवश्यक माहितीच नाही असे समजावे. क्षारबाधा बहुधा खाचरात ठिकठिकाणी चट्ट्याचट्ट्यांनी दिसते. एका पानाच्या जवळून घेतलेल्या छायाचित्रात तो चट्टा येत नाही. अशा वेळी खाचराचे दुरून घेतलेले दुसरे छायाचित्र जोडावे. आणि खारपट्ट्यातील शेतकऱ्यास यंत्राने कडाकरपा सांगितला, तर ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने औषधाची चिठ्ठी देण्यापूर्वी पान कापून पेल्यातील पाण्यात धरावे. धागे उतरले नाहीत, तर आधी उघाडी पाहून यावी.